'काही बदललं नाही तर थांब' अशी अट घालूनही बबल सॉर्ट का रखडतो?

रामबागवाला (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. इंदूरच्या आमच्या एका छोट्या मंडळाची सभासद यादी एक्सेलमध्ये आहे. पहिल्या ओळीत मथळे, मग ओळ २ पासून १२०१ पर्यंत १२०० नावं, आडनावाप्रमाणे लावलेली. यादी लावायला एक बटण आहे. त्या बटणामागे एका काकांनी कधीकाळी लिहून ठेवलेली मॅक्रो आहे. काका आता मुलाकडे राहायला गेले, मॅक्रो आमच्या गळ्यात.

उघडून पाहिली तर बबल सॉर्ट, म्हणजे शेजारच्या दोघांची तुलना करायची, उलटे असले की अदलाबदल, आणि अशा फेऱ्या मारत राहायचं. कॉलेजात एक सेमिस्टर शिकलो होतो, तेवढं ओळखलं.

```
Do
    badal = False
    For i = 2 To n - 1
        If Cells(i, 2).Value > Cells(i + 1, 2).Value Then
            OliBadla i, i + 1
            badal = True
        End If
    Next i
Loop While badal
```

`n` म्हणजे शेवटची ओळ, आणि `OliBadla` दोन ओळींची पूर्ण अदलाबदल करतं. अख्ख्या फेरीत एकदाही अदलाबदल झाली नाही तर काम संपलं, बाहेर पडा. म्हणजे काकांनी शहाणपणाने अट घातलेली आहे.

आता गंमत बघा. मागच्या महिन्यात हर्डीकर नावाचे सभासद झाले. शेवटच्या ओळीत नाव टाकलं, बटण दाबलं, लगेच काम झालं. परवा आगाशे आले. तसंच शेवटच्या ओळीत टाकलं, बटण दाबलं, आणि मशीन मिनिटभर तरी गप्प. वर खिडकीच्या पट्टीवर Not Responding. मी बंद करणारच होतो, तेवढ्यात आलं ताळ्यावर आणि आगाशे ओळ १४ वर जाऊन बसलेले दिसले.

दोन्ही वेळेला एकच नाव नवीन, बाकीची यादी लावलेलीच. मग आगाशेंनी असं काय केलं?

---

सरळसोट

डेटा मेनू, सॉर्ट, ओके. धागा संपला.

---

रामबागवाला

@सरळसोट, संपला असता हो. पण दोन वर्षांपूर्वी एका उत्साही कार्यकर्त्याने नेमका आडनावाचा एकच कॉलम निवडून सॉर्ट मारलं. एक्सेलने बाकीचे कॉलम पण घेऊ का असं विचारलं, त्याने नको म्हटलं. गोखल्यांच्या पत्त्यावर पंडितांचं निमंत्रण आणि पंडितांच्या फोनवर गोखल्यांच्या वर्गणीची आठवण. तेव्हापासून अध्यक्षांचा हुकूम आहे, डेटा मेनूला हात लावायचा नाही, बटणच दाबायचं.

शिवाय मला कारण समजून घ्यायचंय. हर्डीकर चालतात आणि आगाशे चालत नाहीत, हे डोक्यातून जात नाहीये.

---

तात्या_छप्पनवाले

भिया, हे तर अमेरिकेच्या माजी राष्ट्राध्यक्षांनाही माहीत आहे. २००७ साली ओबामा निवडणुकीच्या प्रचारात गूगलच्या ऑफिसात गेले होते. तिथे गूगलचे तेव्हाचे प्रमुख श्मिट साहेब यांनी मुलाखतीतल्यासारखं विचारलं, दहा लाख आकडे लावायला चांगला मार्ग कोणता. गडी म्हणाला, बबल सॉर्ट तर चुकीचा ठरेल. हॉल हसून लोटपोट.

तुमच्या अध्यक्षांना ही गोष्ट सांगा. राष्ट्राध्यक्ष विरुद्ध मंडळाध्यक्ष.

---

मंजिरी_टिळकनगर

फाईल नेटवर्कवर ठेवली आहे का? आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सची फाईल अशीच लटकायची. ती पेन ड्राइव्हवरून उघडत होतो, डेस्कटॉपवर आणली तर झाली ठीक. रॅम किती आहे ते पण बघा. आणि फॉर्म्युले असतील तर ते परत परत मोजले जातात, तिथे वेळ जातो.

---

रामबागवाला

@मंजिरीताई, फाईल डेस्कटॉपवरच आहे, फॉर्म्युला एकही नाही. आणि त्याच मशीनवर हर्डीकर लगेच लागले ना!

---

बिटबाइट

फायनल इयरला आहे, परवाच याची व्हायवा झाली. फ्लॅग, म्हणजे तुमचं ते `badal`, लावलेल्या बबल सॉर्टची बेस्ट केस O(n) असते, म्हणजे काम फक्त नावांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतं. यादी जवळजवळ लावलेली असेल तर एकदोन फेऱ्यांत बाहेर पडतो. तुमची यादी जवळजवळ लावलेलीच आहे, १२०० पैकी एक नाव सोडून. म्हणजे अल्गोरिदमचा दोष नाही. दोष `Cells(i, 2).Value`चा. मॅक्रोमधून शीटवरचा प्रत्येक सेल वाचायला जाणं हे महाग काम. एकदाच सगळी रेंज अ‍ॅरेमध्ये, म्हणजे मेमरीतल्या यादीत उचला, तिथे सॉर्ट करा, एकदाच परत लिहा:

```
v = Range("A2:F1201").Value
```

आणि सुरुवातीला `Application.ScreenUpdating = False`. बघा फरक.

---

पिथमपूरकर

बिटबाइटने सांगितलेला उपाय बरोबर आहे, तो कराच. कारण मात्र अर्धंच आहे. सेल वाचणं महाग हे खरं, पण हर्डीकरांच्या वेळीही सेलच वाचले होते. तेव्हा किती वेळा वाचले आणि आता किती वेळा, तिकडे बघायला हवं.

मी तीस वर्षं कंट्रोलर बोर्डांवर कोड लिहिला. तिथे मेमरी एवढीशी, म्हणून बबल सॉर्टशी जुनी ओळख आहे. रामबागवाले, १२०० नावं सोडा, सहा आकडे घ्या. पहिले पाच लावलेले, सहावा नवीन. आधी हर्डीकर पद्धतीचा, म्हणजे मोठा: 10 20 30 40 60 50. पहिल्या फेरीत शेवटी 60 आणि 50 ची अदलाबदल, दुसऱ्या फेरीत काहीच नाही, बाहेर. आता आगाशे पद्धतीचा, म्हणजे सगळ्यात लहान आकडा शेवटी:

```
सुरुवात  20 30 40 50 60 10
फेरी १   20 30 40 50 10 60
फेरी २   20 30 40 10 50 60
फेरी ३   20 30 10 40 50 60
फेरी ४   20 10 30 40 50 60
फेरी ५   10 20 30 40 50 60
फेरी ६   काही बदल नाही, बाहेर
```

10 कडे नजर ठेवा. एका फेरीत तो एकच जागा वर सरकतो. लूप वरून खाली जातं. 60 आणि 10 ची अदलाबदल झाली की लूप पुढे निघून गेलं, 10 मागे राहिला. त्याच्या वर 50 आहे हे लूपला पुढच्या फेरीतच कळणार. उलट मोठा आकडा वर असता तर लूप त्याला हाताला धरून एकाच फेरीत तळापर्यंत नेतं. खाली जाणाऱ्याला गाडी, वर येणाऱ्याला पायपीट.

म्हणून फेऱ्यांचा हिशेब सोपा आहे. ज्या नोंदीला सगळ्यात जास्त वर यायचंय, तिला जितक्या जागा वर यायचंय तितक्या फेऱ्या, आणि सगळं झालं हे समजायला शेवटची एक. कोण किती खाली जाणार याने काही फरक पडत नाही.

आगाशे ओळ १२०१ वरून ओळ १४ वर आले, म्हणजे ११८७ जागा. फेऱ्या ११८८. प्रत्येक फेरीत ११९९ तुलना. गुणाकार केला तर १४ लाख २४ हजार तुलना, आणि प्रत्येक तुलनेला दोन सेल वाचायचे. हर्डीकरांना समजा पाच जागा वर जायचं होतं, तर सहा फेऱ्या, सात हजार तुलना. काकांची अट दोन्ही वेळेला नीट चालली. आगाशेंच्या वेळी तिने थांबवायचं कधी, प्रत्येक फेरीत एक अदलाबदल होतच होती!

---

बिटबाइट

पण सर, एकूण अदलाबदली फक्त ११८७. रँडम १२०० नावं असती तर साडेतीन लाखांच्या वर गेल्या असत्या. म्हणजे यादी खरोखरच जवळजवळ लावलेली आहे. मग पुस्तकात जवळजवळ लावलेल्या यादीला O(n) का म्हणतात?

---

पिथमपूरकर

कारण 'जवळजवळ' दोन तऱ्हेचं असतं आणि आपण दोन्हींना एकच शब्द वापरतो.

एक यादी अशी घे, की १२०० नावांत प्रत्येक जोडी उलटी आहे. पहिलं दुसऱ्याच्या जागी, तिसरं चौथ्याच्या जागी, शेवटपर्यंत. एकही नाव आपल्या जागेवर नाही, बघणारा म्हणेल सगळा गोंधळ आहे. पण कुणालाही एका जागेपेक्षा जास्त वर यायचं नाही. पहिल्या फेरीत सगळं लागतं, दुसरीत अट बाहेर काढते. दुसरीकडे आगाशे: ११९९ नावं एकमेकांच्या हिशेबाने बरोबर, एकच नाव लांब. बघणारा म्हणेल यादी झालीच आहे. आणि फेऱ्या ११८८.

अटीला चुकलेल्यांची संख्या दिसत नाही. सगळ्यात लांबून वर येणारा एकटा किती लांब आहे, तेवढंच तिला भोवतं.

---

तात्या_छप्पनवाले

म्हणजे बुधवारी खजराण्याच्या गणपतीच्या रांगेत सगळ्यात मागे उभा असलेला माणूस. आरतीच्या प्रत्येक आवर्तनाला एक पाऊल पुढे. आणि पुजारी दर वेळी अख्खी रांग मोजतो.

---

नेहा_ट्रॅक

पिथमपूरकरांच्या दोन तऱ्हा मी रोज बघते, म्हणून लिहिते.

आमचं काम गाड्यांच्या जीपीएसचं. गाडीतल्या डबीत ६४ नोंदींची एक छोटी जागा असते, नोंदी वेळेप्रमाणे लावून पुढे पाठवायच्या. नोंदी बहुतेक क्रमानेच येतात, एखादी उशिरा येते, पण दोनचार जागांपेक्षा मागे पडत नाही. तिथे आमच्या आधीच्या माणसाने हाच फ्लॅगवाला बबल सॉर्ट ठेवलेला आहे आणि तो उत्तम चालतो. कुणी चार जागांपेक्षा जास्त मागे नाही, म्हणजे जास्तीत जास्त पाच फेऱ्या. ६३ तुलना दर फेरीला, म्हणजे ३१५. फ्लॅग नसता आणि दर फेरीला शेवटची जागा सोडत गेलो असतो तरी २०१६ झाल्या असत्या. कोड पण इतका लहान की त्या डबीत मावतो.

बिघडतं ते सिमरोलच्या पुढे घाटात. नेटवर्क जातं, डबी जुन्या नोंदी बाजूला साठवते, आणि नेटवर्क आलं की आधी ताज्या नोंदी आत, मग जुन्यांचा गठ्ठा मागून. आता त्या जुन्या नोंदींना चाळीसपन्नास जागा वर यायचंय. फेऱ्या लगेच पन्नासवर. आकडा ६४चाच असल्यामुळे कुणाला कळत नाही, पण मी फेऱ्या मोजायला एक काउंटर लावला होता, त्यात घाटाची वेळ स्पष्ट दिसायची.

---

वैशाली_ग्वाल्हेर

मी डिप्लोमाला शिकवते. मुलं फ्लॅग लावतात आणि लिहितात, 'आता प्रोग्राम ऑप्टिमाइझ झाला'. मी त्यांना १००० रँडम आकड्यांवर तुलना मोजायला लावते. बिनफ्लॅगच्या, दर फेरीला हद्द एकाने कमी करणाऱ्या बबल सॉर्टमध्ये बरोबर ४,९९,५०० तुलना होतात. फ्लॅग लावल्यावर सरासरीने त्यातल्या साधारण हजारेक वाचतात. पाच लाखांत हजार! मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

कारण वर आलंच आहे. रँडम यादीत लहान आकड्यांपैकी कोणी ना कोणी तळाजवळ पडलेलाच असतो, त्यामुळे ९९९ फेऱ्यांपैकी ९६०च्या आसपास लागतातच. आणि फ्लॅग ज्या चाळीसेक फेऱ्या वाचवतो त्या अगदी शेवटच्या, जिथे हद्द लहान होऊन दहावीस तुलनाच उरलेल्या असतात. महाग फेऱ्या सगळ्या आधीच होऊन गेलेल्या.

माझ्या मते हा अल्गोरिदम पहिला शिकवूच नये. फ्लॅगमुळे तो सुधारतो असा समज एकदा बसला की निघत नाही.

---

सरळसोट

शिकवू नये याला +१. आणि रामबागवाल्यांच्या प्रश्नाचं उत्तर तेच, डेटा मेनू.

---

पिथमपूरकर

वैशालीताई, शिकवू नये हे मला पटत नाही. शेजारच्या दोघांनाच बघून अख्खी यादी लागते, हे मुलांना एकदा हाताने करून दिसायला हवं. पण फ्लॅगचं कौतुक कमी करा, हे मान्य.

रामबागवाल्यांसाठी काम सोपं आहे. तुमच्याकडे नवीन नाव नेहमी तळाला येतं, म्हणजे हालचाल बहुतेक वरच्या दिशेची. मग लूपच खालून वर चालवा, एक ओळ बदलायची:

```
For i = n - 1 To 2 Step -1
```

आता लहान नाव खालून वर एका फेरीत जाईल. आगाशे दोन फेऱ्यांत, म्हणजे २३९८ तुलनांमध्ये. मॅक्रोला हात लावायची भीती वाटत असेल तर तीही नको. नवीन ओळ तळाला न टाकता मथळ्याच्या लगेच खाली, ओळ २ वर घाला. जुनं लूप तिला एकाच फेरीत जागेवर नेऊन सोडेल.

एकदम २५ सभासद झाले तरी चालेल. पंचवीसही वर घातले तर जुन्या कुठल्याही नावाला २५ जागांपेक्षा जास्त वर यायचं नाही, आणि नव्यांना तर त्याहून कमी. फार तर २६ फेऱ्या.

---

मंजिरी_टिळकनगर

अवांतर आहे, पण तुमच्या यादीत गोळे आणि गोवंडे यांचा क्रम बघा बरं. आमच्याकडे गोळे आधी येतात. वर्णमालेत ळ तर ह च्या नंतर.

---

बिटबाइट

@मंजिरीताई, कॉम्प्युटर अक्षरांचे कोड बघतो. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी आहे, म्हणून गोळे आधी. तुलना कशी करायची ते बदललं तर क्रम बदलेल. सॉर्ट कुठलाही असो, त्याला जे लहान सांगाल ते तो लहान मानणार.

---

तात्या_छप्पनवाले

काळे कावळ्यांच्या आधी, हा अन्याय काळ्यांना चालेल. कावळे बघून घेतील.

---

रामबागवाला

करून बघितलं. फाईलची एक कॉपी घेतली, मॅक्रोत `feri = feri + 1` टाकून शेवटी आकडा दाखवायला लावला. जुनं लूप, आगाशे तळाला: ११८८. पिथमपूरकरांचा आकडा तंतोतंत. उलटं लूप: २. बटण दाबलं की झालंच.

अ‍ॅरेचं पण केलं. जुनं लूप अ‍ॅरेमध्ये चालवलं तर फेऱ्या ११८८च, पण वाट बघावी लागली नाही. म्हणजे बिटबाइटही बरोबर. दोघांपैकी कुणाचं श्रेय जास्त ते तुम्ही ठरवा.

---

बिटबाइट

१२०० नावांना अ‍ॅरे पुरतो. सव्वा लाख नावं असती तर अ‍ॅरेनेही वाचवलं नसतं, हे आता कळतंय. नावं शंभरपट, काम दहा हजारपट.

---

जुना_भंवरकुआँ

एक धोक्याची सूचना. आमच्या ऑफिसात अशीच `Do ... Loop While` वाली मॅक्रो होती. कुणीतरी तिथे `>` च्या जागी `>=` केलं. का केलं देव जाणे. अनेक दिवस काही झालं नाही, कारण यादी खाते क्रमांकाची होती आणि क्रमांक सगळे वेगळे. मग एके दिवशी तोच क्रमांक दोनदा टाइप झाला. दोन सारख्या नोंदी, `>=` मुळे दर फेरीत त्यांची अदलाबदल, `badal` कायम खरा. प्रोग्राम थांबेचना. शेवटी Ctrl+Break.

आडनावांच्या यादीत तर जोशी डझनभर निघतील. तिथे पहिल्याच दिवशी अडकेल.

---

रामबागवाला

बघितलं, आमच्याकडे `>` च आहे. जोशी तेवीस आहेत.

---

वैशाली_ग्वाल्हेर

@जुना_भंवरकुआँ, हे मुलांच्या जर्नलमध्ये दर वर्षी दिसतं. याचाच भाऊ म्हणजे `badal = False` ही ओळ `For` च्या आत लिहिणे. मग फक्त शेवटच्या जोडीचा निकाल लक्षात राहतो. ती जोडी बरोबर असली की प्रोग्राम खुशाल बाहेर पडतो आणि यादी अर्धवट लागलेली. हा जास्त वाईट, कारण प्रोग्राम झपकन संपतो आणि सगळ्यांना वाटतं, वा, फ्लॅगने किती वेळ वाचवला!

---

सरळसोट

डेटा मेनू नको तर नको. पण मॅक्रो उघडलीच आहे तर इन्सर्शन सॉर्ट लिहा की, एकेक नाव उचलून वरच्या लावलेल्या भागात त्याच्या जागी घुसवायचं. लावलेल्या यादीवर तोही एकदा फिरून थांबतो, त्याला फ्लॅगही लागत नाही. आगाशेंना तो अडीच हजार तुलनांच्या आत बसवतो, तळाला असोत वा वर. दिशेची भानगडच नाही. तुम्ही सगळे एका मेलेल्या घोड्याला खरारा करताय.

---

पिथमपूरकर

सरळसोट, इथे तुमचं म्हणणं बरोबर आहे. इन्सर्शन सॉर्टला एकूण उलट्या जोड्या किती तेवढंच काम पडतं, वर आणखी एक फेरफटका. एकटा लांबचा माणूस त्याला छळत नाही. नवीन लिहायचं असेल तर मी तोच लिहीन.

फ्लॅगवाला बबल मी एकाच ठिकाणी मुद्दाम ठेवला होता. बोर्डाला दर काही मिलिसेकंदांनी दुसरं काम असायचं, म्हणून एका वेळी एकच फेरी करायची, मग सोडून द्यायचं, पुढच्या वेळी पुढची फेरी. यादी मध्येच सोडली तरी कुठेही तुटत नाही, आधीपेक्षा जरा बरीच असते, आणि फ्लॅग सांगतो की आता फिरायची गरज नाही. कुठपर्यंत आलो होतो हे लक्षात ठेवावं लागत नाही.

---

सरळसोट

इन्सर्शनलाही मध्ये थांबवता येतं. एक इंडेक्स लक्षात ठेवा, झालं.

---

पिथमपूरकर

येतं. पण तेवढ्यात मागच्या लावलेल्या भागातली एखादी किंमत सेन्सरने बदलली तर तुमचा इंडेक्स म्हणतो 'इथपर्यंत लागलंय', आणि ते खोटं असतं. बबलच्या पुढच्या फेरीला ते आपोआप दिसतं.

---

सरळसोट

मंडळाच्या यादीत सेन्सर नाही. पण ठीक.

---

रामबागवाला

मंडळी, नवीन भानगड. उलटं लूप दोन आठवडे मस्त चाललं. आज एका ताईंनी लग्नानंतरचं आडनाव लावायला सांगितलं. आपटेच्या वैद्य झाल्या. मी ओळ ३० वर जाऊन नाव बदललं, बटण दाबलं, आणि परत Not Responding. फेऱ्यांचा आकडा अकराशेच्या घरात.

मला वाटलं होतं प्रश्न सुटला.

---

नेहा_ट्रॅक

साहजिक आहे. तुम्ही दिशा बदललीत, म्हणजे आता वर येणाऱ्याला गाडी आणि खाली जाणाऱ्याला पायपीट. वैद्यताई ओळ ३० वरून ओळ ११५० च्या आसपास निघाल्या, एका फेरीला एक ओळ.

---

पिथमपूरकर

नेहाने सांगितलं तेच. एक फेरी वरून खाली, लगेच दुसरी खालून वर, अशी जोडी `Do` च्या आत ठेवा. दोन `For` एकापाठोपाठ, `badal = False` एकदाच वर. आगाशे असोत की वैद्य, दोन जोड्यांत, म्हणजे चार फेऱ्यांत बाहेर. सगळी यादीच विस्कटली असेल तर मात्र यानेही काही होणार नाही, तेव्हा इन्सर्शनही फार वाचवणार नाही.

---

सरळसोट

किंवा ती एक ओळ कट करून हाताने वैद्यांच्या शेजारी ठेवा. मॅक्रो नको, बटण नको.

---

रामबागवाला

@सरळसोट, गेल्या वेळी कार्यकर्त्याने हेच केलं होतं, त्यात एक देशपांडे गायब झाले होते. दोन `For` लिहितोय. अ‍ॅरेमध्येच लिहितो, म्हणजे पुढच्या वेळी चुकलं तरी मशीन लटकणार नाही.

---

तात्या_छप्पनवाले

देशपांडे सापडले का?

---

रामबागवाला

सापडले. वर्गणी मागायला फोन केला तेव्हा म्हणाले, माझं नाव तर यादीत नाही ना.